फोटो काढून उतरवता येणार नाही अशी कृतिपत्रिका कशी बनवायची?

प्रश्न: सहावीला गणित शिकवते. घरी दिलेली कृतिपत्रिका एक मूल सोडवतं आणि रात्री त्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरतो. उतरवता येणार नाहीत असे प्रश्न कसे काढायचे?

उत्तर: हजेरी क्रमांकानुसार आकडे बदलून देण्याच्या भानगडीत पडू नका. मुलं रीत उतरवतात आणि त्यात आपले आकडे भरतात. "कारण लिहा" म्हटलं तर कारणही फोटोत येतं.

मी सुरुवात चुकीच्या विचारापासून करते. दशांश अपूर्णांकांचंच घ्या. ०.६, ०.७३ आणि ०.३८५ चढत्या क्रमाने लावायचे आहेत. बरोबर क्रम ०.३८५, ०.६, ०.७३. काही मुलं दशांश चिन्ह विसरून ६, ७३, ३८५ असंच वाचतात. त्यांचा क्रम येतो ०.६, ०.७३, ०.३८५. काहींना वाटतं, जितके अंक जास्त तितके तुकडे बारीक, म्हणजे संख्या लहान. ती ०.३८५, ०.७३, ०.६ लिहितात. तीन विचार, तीन वेगळे क्रम, त्यामुळे नुसतं उत्तर बघून कोण कुठे अडलंय ते कळतं. याउलट फक्त "०.६ मोठी की ०.३८५?" असं विचारलंत, तर दुसऱ्या गटातली मुलं चुकीच्या विचारानेही बरोबर ठरतात.

पण हा क्रमही उतरवता येतोच. म्हणून घरी देते तो प्रश्न असा:

"समीरने ०.६, ०.७३, ०.३८५ असा चढता क्रम लावला. (१) याच विचाराने तो ०.४, ०.१५२, ०.२७ कसे लावेल? (२) समीरचा विचार चुकीचाच, पण उत्तर बरोबर येईल अशी, दशांश चिन्हापुढे कमीजास्त अंक असलेल्या दोन संख्यांची जोडी तू तयार कर."

पहिल्याचं उत्तर ०.४, ०.२७, ०.१५२. दुसऱ्याची उत्तरं हवी तितकी, उदाहरणार्थ ०.३ आणि ०.५२. सबंध वर्गात तीच जोडी दिसली की फोटो फिरलाय हे उघड होतं. हुशारी करून कुणी ०.३ चे ०.७ केले, तर समीर ५२ ला ७ पेक्षा मोठं समजून ०.५२ मोठी म्हणेल आणि चुकेल. म्हणजे न समजता आकडा बदलणारा पकडला जाण्याची शक्यता बरीच. मात्र ०.३ चे ०.४ केले तर जोडी चालून जाते, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका.

म्हणून घरच्या कागदाला मी गुणच देत नाही. दुसऱ्या दिवशी वही मिटवून एकच तोंडी प्रश्न: "तुझ्या जोडीतला कोणता अंक बदलला की समीर चुकेल?" जोडी स्वतः बनवलेलं मूल लगेच एखादा अंक सांगतं. उतरवणारं "मॅडम, वही उघडू का?" विचारतं. पन्नास मुलांच्या वर्गात रोज सगळ्यांना विचारणं शक्य नाही. मी रोज एकाच रांगेला विचारते, कोणती रांग ते आधी सांगत नाही.

दशांशाच्या गुणाकाराचा सराव असल्या प्रश्नांनी होत नाही. ती गणितं मी वर्गातच, माझ्यासमोर सोडवून घेते.