तेलाचा डबा महागला तेव्हा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. तेलाच्या डब्यामागे साडेतीनशे रुपये वाढले, दिवाळी तोंडावर आली, म्हणून चकलीचं पाव किलोचं पॅकेट २०० ग्रॅमचं करू का, तेल बदलू का, की व्यापारीच बदलू, असं सगळं एका दमात विचारलंस. मी सुरुवात वेगळ्या जागेवरून करते. एका पॅकेटमागे नेमके किती रुपये वाढले? हा आकडा तुझ्या पत्रात कुठेच नाही. तो हाती आल्याशिवाय चकलीला हात लावू नकोस.

माझी २०२४ ची वही समोर घेऊन बसले आहे. त्या वर्षी १४ सप्टेंबरपासून सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं. तोवर ते शून्य होतं, फक्त वरचे अधिभार होते. आपल्याकडचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे झळ लगेच लागली. माझा सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा १,६५० वरून २,०१० वर गेला, म्हणजे किलोमागे ११० चे १३४ झाले. त्यात हरभरा डाळही किलोला १६ रुपयांनी चढली होती. मीही तुझ्यासारखीच घाबरले होते.

मग तीन दिवस मी फक्त वजनं केली. सकाळी कढईत तेल ओतण्याआधी डबा काट्यावर ठेवायचा, संध्याकाळी कढईतलं तेल गाळून परत मोजायचं, मोहनाचं तेल वेगळं लिहायचं. दहा किलो भाजणीच्या चौदा किलो चकल्या होत होत्या. त्याला मोहनात एक किलो आणि तळणात साडेतीन किलो तेल लागत होतं. साडेतीनमध्ये चकलीने प्यायलेलं आलं आणि गाळ काढताना वाया गेलेलंही आलं. एकूण साडेचार किलो. किलोला २४ रुपये वाढ धरली तर १०८ रुपये, आणि चौदा किलोची पाव किलोची पॅकेटं छप्पन्न. म्हणजे पॅकेटमागे एक रुपया त्र्याण्णव पैसे. डाळ दहा किलो भाजणीत अडीच किलो पडते, तिचे ७१ पैसे. दोन्ही मिळून २ रुपये ६४ पैसे.

तेल बावीस टक्के महागलं आणि पॅकेट अडीच-पावणेतीन रुपयांनी. हे पाहून मला आधी हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. पॅकेटवरची किंमत १२० होती, दुकानदाराचे २५ टक्के जाऊन माझ्या हाती ९० यायचे, आणि भाजणी, तेल, मसाला, गॅस, बायकांची मजुरी, पिशवी, भाडं, वाहतूक धरून खर्च ७५ होता. उरायचे १५. त्या पंधरातले २ रुपये ६४ पैसे जाणं म्हणजे सहाव्या हिश्श्याहून जास्त. गिऱ्हाइकाला ती वाढ जाणवणारही नाही, पण आपल्याला ती अंगावर घेऊन वर्ष काढता येत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि निर्णय या दोन्हीच्या मध्ये बसवायचा असतो.

आता तेल बदलण्याचं. पामोलिन स्वस्त पडेल असं तुला कुणीतरी सांगितलंय. शुल्क सगळ्याच तेलांवर लागतं तेव्हा ती एकमेकांच्या मागोमाग चढतात. त्या हिवाळ्यात तर परदेशी बाजारात पाम तेल सोयाबीनपेक्षाही महाग झालं होतं. शिवाय पामोलिन थंडीत गोठतं. पहाटेच्या गारव्यात चकलीवर पांढुरका थर दिसतो आणि खाताना टाळूला चिकटतो. तळायला ते वाईट तेल नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कढईत ते सोयाबीनपेक्षा जास्त वेळ टिकतं. पण तुझ्या पिशवीवर घटकांमध्ये सोयाबीन तेल छापलंय. तेल बदललं की लेबलही बदललंच पाहिजे, कारण कोणतं तेल हे नावानिशी लिहावं लागतं. आणि जे गिऱ्हाईक चार वर्षं तुझी चकली खातंय त्याची जीभ लेबलच्या आधी ओळखते. चालू मोसमात, ऑर्डरी घेतलेल्या असताना, तेल बदलू नकोस. करायचंच असेल तर फाल्गुनात, मंदीच्या दिवसांत एक घाणा करून महिनाभर ठेवून बघ.

कृतीत मात्र एक जागा आहे जिथे चव न हलवता पैसे वाचतात, आणि ती मला तीन दिवसांच्या वजनातूनच सापडली. आमच्याकडे एका घाण्याला चौदा चकल्या सोडायची सवय होती. इतक्या एकदम पडल्या की तेल थंड पडतं, बुडबुडे सुस्त येतात आणि चकली तळण्याऐवजी तेल पीत बसते. मी दहावर आणलं आणि तेल १७० ते १८० अंशांत ठेवायला साधा थर्मामीटर घेतला. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी सोडून बघायची. ती तळाशी थांबली की तेल अजून थंड आहे, लगेच वर येऊन भराभर फेसाळली की ठीक. काढल्यावर चकल्या ताटात रचण्याऐवजी जाळीवर उभ्या ठेवल्या. मोहनही हाताच्या अंदाजाने पडत होतं, ते मोजून घातलं. मोहन जास्त झालं की चकली कढईत हसते, सुटते, आणि तिचा चुरा तेल काळं करतो. एवढ्यावर दहा किलो भाजणीमागे चारशे ग्रॅम तेल वाचलं. नव्या भावाने ५३-५४ रुपये, म्हणजे पॅकेटला सुमारे ९५ पैसे. वेळ मात्र जास्त लागला, दिवसाला पाऊण तास. तो हिशेबात धर.

उलट्या दिशेची बचत करू नकोस. तेल महागलं की जुनं तेल आणखी एक दिवस ओढावं असा मोह होतो. तळून तळून ते दाट होतं, फेस वाढतो, आणि असं तेल चकलीत जास्त मुरतं, म्हणजे वाचवायला जावं तर खर्चच वाढतो. माल खवटही लवकर होतो. तळणाच्या तेलात, ते पुन्हा पुन्हा तापवल्याने साठत जाणारी एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही असा अन्नसुरक्षेचा नियम आहे आणि ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं. यंत्र नसेल तर निदान प्रत्येक दिवसाचं एक पॅकेट तारीख घालून फडताळात ठेव आणि विसाव्या-तिसाव्या दिवशी फोडून वास घे.

व्यापारी बदलायचा प्रश्न मी थोडक्यात संपवते, कारण तेलात त्यातून फारसं निघत नाही. सगळ्यांचा भाव एकाच ठिकाणाहून ठरतो. एक मात्र आजच बघ. तुला स्वस्त देणाऱ्याचा डबा १५ किलोचा आहे की १५ लिटरचा? पंधरा लिटर तेल म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. डबे शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच. भाव कायम किलोवर काढ. आणि भाव चढतोय म्हणून कोठार भरू नकोस. २०२२ मध्ये इंडोनेशियाने २८ एप्रिलला पाम तेलाची निर्यात थांबवली तेव्हा मी जीव टाकून चाळीस डबे घेतले. बंदी २३ मे ला उठली, पुढे भाव उतरत गेले, आणि मी पावसाळाभर महागाचं तेल तळत बसले. डाळ विकणाऱ्याला देण्याचे पैसेही त्यातच अडकले. पंधरा दिवसांचा साठा पुरे.

राहिलं वजन आणि किंमत. यात माझं मत पक्कं आहे: पाव किलोच्या पॅकेटची किंमत वाढव, दहा रुपयांच्या पुडीचं वजन कमी कर. दहाची पुडी दहालाच विकली जाते, अकराला कुणी घेत नाही. तिथे वजन हाच एक उपाय. माझी पुडी २२ ग्रॅमची होती. नव्या भावाने कच्चा माल ग्रॅमला साधारण १३ पैसे पडत होता आणि पुडीमागे वाढ होती २३ पैसे, म्हणून २० ग्रॅमची केली आणि ते २० मोठ्या अक्षरांत छापलं. पाव किलोचं तसं नाही. दिवाळीच्या ताटासाठी घेणारी बाई चकल्या मोजते. पाव किलोत अकरा यायच्या तिथे नऊच आल्या तर ती काही बोलणार नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल. तू म्हणतेस तसं २०० ग्रॅम १२० लाच ठेवलंस तर किलोचा भाव ४८० वरून ६०० होतो. पॅकेटला अडीच रुपये वाढलेत आणि तू गिऱ्हाइकाकडून किलोला १२० जास्त घेणार! आणि पॅकेटवर ग्रॅमचा दर छापावा लागतोच, ४८ पैशांचे ६० झालेले तिथे दिसणार.

मी १२० चे १२५ केले. दुकानदाराचे २५ टक्के जाऊन माझ्या हाती ९३ रुपये ७५ पैसे आले, म्हणजे ३ रुपये ७५ पैसे जास्त. वाढ झाकली गेली. दुकानदाराचा हिस्सा विसरून मी आधी १२३ धरलं होतं. तीन रुपये वाढवले तर आपल्याकडे सव्वादोनच येतात, थोडी तूट राहतेच.

दोन गोष्टी सांभाळ. जुन्या छापील किमतीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावता येत नाही, स्टिकर किंमत उतरवायला चालतं. म्हणून छापलेल्या पिशव्या संपेपर्यंत जुनीच किंमत, आणि पुढच्या पिशव्यांवर किंमत आणि तारखेची जागा कोरी ठेवून शिक्क्याने मार. दुसरं, ज्यांच्या ऑर्डरी घेतल्यास त्यांना जुन्याच भावाने दे. मी तेव्हा सत्तर किलो जुन्या भावाने दिली. किलोला साडेदहा धरून सातशे पस्तीस रुपये गेले. दुकानदारांना आठ दिवस आधी स्वतः जाऊन सांगितलं, तेलाची दोन्ही बिलं हातात घेऊन. दोघांनी कुरकुर केली, एकाने पंधरा दिवस माल उचलला नाही, नंतर उचलला.

आणि तेल पुन्हा उतरलं तर? ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क २० चं १० टक्के झालं. मी किंमत खाली आणली नाही, कारण मजुरी वाढली होती. पुडीचं वजन मात्र २२ ग्रॅम परत केलं.

उद्यापासून तीन दिवस डबा आणि कढई काट्यावर ठेव. तुझ्या भाजणीत डाळ माझ्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे आकडे वेगळे येतील. रविवारी दुपारी फोन कर, वही घेऊन बसते.

तुझी,
मावशी