आईबाबांसाठी वायफायची चिठ्ठी

घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला की आईबाबांना फोन पुन्हा जोडता यावा म्हणून चिठ्ठीत एवढंच लिहा, मोठ्या अक्षरात:

१. सेटिंग्जमध्ये वायफाय उघडा.
२. आपल्या घरच्या वायफायच्या नावावर बोट दाबून धरा (काही फोनवर बाजूचं चाकाचं चिन्ह) आणि Forget निवडा.
३. तेच नाव पुन्हा दाबा, नवा पासवर्ड टाका, Connect दाबा.

दुसरी पायरी गाळू नका. नाहीतर फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि आईला वाटतं, फोन बिघडला. शब्द मात्र त्यांच्या फोनवर दिसतात तसेच लिहा; फोन मराठीत असेल तर मराठीत.

नेहमीची चूक पासवर्डातच होते: कॅपिटल अक्षर किंवा शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा. म्हणून डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं ताडून बघायला सांगा. फोन रिसेट करणं चिठ्ठीत नकोच.