‘सगळे अवयव एकापेक्षा लहान’ एवढ्याने भागत नाही

n!/n^n चे (1/n)(2/n)…(n/n) असे अवयव पाडले आणि ‘प्रत्येक अवयव शून्याकडे जातो म्हणून गुणाकार शून्य’ असं लिहिलं. उत्तर शून्यच आहे, तरी पाचपैकी एकच मार्क. असं का?
*— एफ.वाय.बी.एस्सी., मालवण*

तो एक मार्क अवयव पाडल्याचा आहे, आणि तो रास्त आहे. पुढचं वाक्य मात्र दोन ठिकाणी गळतं. शेवटचा अवयव n/n म्हणजे १, तो कुठेच जात नाही. त्याच्या आधीचा (n-1)/n तर १ कडे जातो. म्हणजे ‘प्रत्येक’ हा शब्दच खोटा ठरला. त्याहून मोठी चूक अशी की गुणाकाराच्या लिमिटचा नियम अवयवांची संख्या ठरलेली असते तेव्हाच लागू होतो. इथे n वाढला की अवयवही वाढतात.

आता तू म्हणशील, मग ‘सगळे अवयव एकापेक्षा लहान आहेत’ असं लिहिते. तेही चालणार नाही. (1 - 1/n^2)^n घे. n अवयव, प्रत्येक १ पेक्षा लहान, आणि तरीही लिमिट १! बर्नूलीच्या असमानतेमुळे (n ≥ 2 साठी) हा गुणाकार 1 - 1/n च्या खाली उतरत नाही, आणि १ च्या वर तर तो चढूच शकत नाही. दोन्ही बाजू १ ला मिळतात, मधला कुठे जाणार?

तुझ्या मांडणीत लागणारं सगळं होतं, फक्त हाव जास्त झाली. सगळ्या अवयवांना कामाला लावायची गरज नाही. एकच धर, पहिला. बाकीचे दुसऱ्यापासून शेवटपर्यंत १ पेक्षा मोठे नाहीत, म्हणून त्यांच्या जागी १ ठेवला तर गुणाकार वाढेल, नाहीतर तेवढाच राहील:

0 < n!/n^n ≤ 1/n

डावीकडचा शून्य विसरू नकोस. तो नसेल तर ‘1/n पेक्षा लहान’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. -7 सुद्धा 1/n पेक्षा लहान आहे. बाउंड ढिला आहे हे खरं. n = 10 ला खरी किंमत सुमारे ०.०००३६ आणि आपली भिंत ०.१ वर. पण ती भिंत स्वतः शून्याला पोचते, इथे तेवढंच हवं.

5^n/n! कॅल्क्युलेटरवर टाकलं तर ५, १२.५, २०.८३, २६.०४ असं वाढतच चाललंय. हे शून्याला कसं जाईल?
*— बारावी सायन्स, गुहागर*

आणखी चार-पाच पदं काढायला हवी होतीस. पाचवं पदही २६.०४च येतं, सहावं २१.७०, आणि दहाव्याला २.६९. सुरुवातीचे अवयव 5/1, 5/2, 5/3, 5/4 हे १ पेक्षा मोठे आहेत, म्हणून चढण. 5/5 ला सपाटी, पुढे उतार.

लिमिटला सुरुवातीची पदं मोजावी लागत नाहीत, म्हणून भिंत n ≥ 5 पासून बांध. पहिले चार अवयव एकत्र ठेव, त्यांचा गुणाकार 625/24. शेवटचा 5/n तसाच ठेव. मधले सगळे १ किंवा त्याहून लहान, ते टाकून दे. मिळालं 0 < 5^n/n! ≤ (625/24)·(5/n). उजवी बाजू शून्याला जाते.

५ च्या जागी १०० असते तर पहिल्या ९९ अवयवांचा गुणाकार ४३ अंकी भरतो. भरू दे. तो n वर अवलंबून नाही, त्यामुळे 100/n त्याला शेवटी खाऊन टाकतो. दरवर्षी पेपरात दिसणारी चूक वेगळीच असते. मुलं 5^n/n! = [5^(n-1)/(n-1)!]·(5/n) असं लिहितात आणि कंसाला ‘स्थिरांक’ म्हणून मोकळी होतात. कंसात n बसलेला आहे! स्थिरांक म्हणायच्या आधी त्यात n शोधायचा.

n = 57 ला n!/n^n साठी Math ERROR येतो. याचा अर्थ किंमत शून्य झाली का?
*— दापोली*

नाही. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला 10^100 किंवा त्याहून मोठी संख्या पेलत नाही, आणि 57^57 त्याच्या जरा वर जातो. 1/57 ला 2/57 ने, मग 3/57 ने गुणत गेलात तर उत्तर येईल.

2^n·n!/n^n चं लिमिट स्क्वीझने काढता येईल का? 1/n चा बाउंड वापरला तर 2^n/n येतं, आणि ते अनंताला जातं.
*— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, देवगड*

येतं, पण ढिल्या भिंतीने नाही. तुमचा प्रश्न मी दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत फोनवर वाचला आणि तिकिटाच्या पाठीमागे मांडून पाहिला. पहिला प्रयत्न फसला. तो सांगतो, कारण फसण्यातच मजा आहे.

१ ते n यांचा भूमितीय मध्य अंकगणिती मध्यापेक्षा मोठा नसतो, म्हणून n! ≤ ((n+1)/2)^n. दोन्ही बाजूंना 2^n/n^n ने गुणलं की उजवीकडे (1 + 1/n)^n उरतं. ते e पेक्षा लहान. म्हणजे क्रमिका २.७२ च्या आत राहते एवढंच कळलं. शून्य हातात आलं नाही, आणि धक्का आला.

उतरल्यावर टपरीवर चहा घेताना लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर काढलं. क्रमिकेला a_n म्हणू.

a_(n+1)/a_n = 2·n^n/(n+1)^n = 2/(1 + 1/n)^n

द्विपद विस्ताराची पहिली तीनच पदं घेतली तर (1 + 1/n)^n ≥ 2 + (n-1)/(2n), आणि n ≥ 2 ला हे किमान 9/4. म्हणून गुणोत्तर 8/9 च्या वर जात नाही. a_2 = 2, त्यामुळे

0 < a_n ≤ 2·(8/9)^(n-2)

भिंत आता भूमितीय श्रेढीची आहे आणि शून्याला जाते. n = 3 ला तर दोन्ही बाजू अगदी सारख्या, 16/9. n = 10 ला खरी किंमत ०.३७, भिंत ०.७८.

२ च्या जागी ३ घातलात तर गोष्ट उलटते, हे वर्गात जरूर दाखवा. e^n च्या श्रेणीत n^n/n! हे एक पद असतं आणि बाकीची पदंही धन, म्हणून e^n > n^n/n!, म्हणजेच n! > (n/e)^n. यावरून 3^n·n!/n^n > (3/e)^n, आणि ३ हा e पेक्षा मोठा असल्याने हे अनंताला जातं. इथे वरची भिंत लागतच नाही, खालची एकटी पुरते.

चुणचुणीत मूल विचारेल, नेमका e घातला तर? तेव्हा हीच असमानता फक्त ‘१ पेक्षा मोठं’ एवढं सांगून गप्प बसते. तिथे स्टर्लिंगचं सूत्र लागतं: e^n·n!/n^n हे साधारण √(2πn) सारखं, अगदी सावकाश, वाढतं. n = 10 ला क्रमिकेची किंमत ७.९९ आणि मुळाची ७.९३.