‘वाव नाही’ न म्हणता नोकरी सोडण्याचं कारण कसं लिहावं?

प्रश्न: नव्या कंपनीच्या एचआरने मेलवर विचारलंय, ‘सध्याची नोकरी का सोडताय?’ मी लिहिलंय, ‘तीन वर्षे होऊनही इथे बिले तपासण्याचेच काम मिळते, पुढे वाव नाही.’ ही टीका वाटते का? दुसरं कसं लिहू?

वाटते, आणि तिचा बराचसा भार ‘ही’ आणि ‘च’ या दोन अक्षरांवर आहे. ‘तीन वर्षे’ ही नुसती माहिती झाली, ‘तीन वर्षे होऊनही’ म्हटलं की अपेक्षाभंग आला. ‘तपासण्याचे काम’ हे वर्णन, ‘तपासण्याचेच काम’ ही कुरकुर. ती दोन अक्षरं काढली तरी सूर पुष्कळ उतरेल.

पण खरी अडचण ‘मिळते’मध्ये आहे. मिळायचं तर कुणीतरी द्यावं लागतं. म्हणून ‘संधी मिळत नाही’, ‘वाव नाही’ या वाक्यांत कंपनीचं नाव नसलं तरी न देणारा कोण, हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं. अशा वाक्याला ‘कंपनीविषयी पूर्ण आदर आहे’ असं शेपूट जोडलं तर संशय उलट वाढतोच. त्यापेक्षा कर्ता बदला. तुम्ही काय केलंत आणि तुम्हाला काय करायचं आहे, एवढंच लिहा. तुमचाच मजकूर मी असा लिहीन (नियोजनाचा तपशील माझ्या मनाचा आहे, तिथे तुमचा घाला):

‘गेली तीन वर्षे मी पुरवठादारांची बिले तपासून मंजुरीसाठी पाठवण्याचे काम पाहत आहे. ते करताना कोणत्या विभागाचा खर्च कधी वाढतो, याचा अंदाज येऊ लागला. आता मला खर्चाच्या नियोजनात काम करायचे आहे. आपल्या जाहिरातीत वार्षिक अंदाजपत्रकाची जबाबदारी नमूद आहे, म्हणून हा अर्ज केला.’

यात एकही नकार नाही. कंटाळवाणं वाटणारं काम इथे पुढच्या कामाची तयारी म्हणून आलं आहे, आणि खोटंही काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या वाक्यानंतर ‘पण सध्याच्या ठिकाणी…’ असं सुचेल, ते तेवढं आवरा. ‘अधिक चांगल्या वातावरणाच्या शोधात’ हेही नको, कारण ‘अधिक’ म्हटलं की तुलना आलीच.

‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनाम्यात चालतं, कारण तिथे सहसा कुणी खोदून विचारत नाही. इथे मात्र कारणच विचारलं आहे, तेव्हा पुढचा प्रश्न फोनवर येईल.

कारण कंपनीकडचंच असेल, समजा विभाग गुंडाळला जातोय, तर लपवायचं काही नाही. फक्त क्रियापद जपून निवडा. ‘आमचा विभाग मार्चअखेर बंद होत आहे’ ही बातमी; ‘आमचा विभाग बंद करून टाकला’ ही तक्रार.