आडूळ, गेवराई, बीड: गाडी एक, उतरणारे तीन ठिकाणी, मग भाडं कुणी किती द्यायचं?

प्रश्न: आम्ही तिघं संभाजीनगरहून गाडी करतो. मी आडूळला उतरतो, एक गेवराईला, एक बीडला. बीडवाला म्हणतो सरळ तीन भाग करू. मला पटत नाही, पण काय बोलावं सुचत नाही.

बसायच्या आधी ड्रायव्हरला तीन भाव विचारून घ्या, फक्त आडूळपर्यंत किती, फक्त गेवराईपर्यंत किती आणि बीडपर्यंत किती. समजा तो म्हणाला ७५०, १९५० आणि २७००. आता सरळ तीन भाग केले की प्रत्येकी ९०० येतात, म्हणजे तुम्ही एकट्यानं गाडी केली असती तर ७५० लागले असते आणि तिघात बसून तुम्ही १५० रुपये जास्तीचे देताय. बीडवाल्याला एवढंच सांगा, बाकी वाद घालायची गरजच पडत नाही.

मग करायचं काय, तर रस्त्याचे तुकडे पाडायचे. ज्या तुकड्यात जेवढे लोक गाडीत बसलेले, तेवढ्यांनीच त्या तुकड्याचे पैसे सारखे वाटून घ्यायचे. आडूळपर्यंतचे ७५० तिघांत, म्हणजे २५० प्रत्येकी. आडूळ ते गेवराईचे वरचे १२०० दोघांत, ६०० प्रत्येकी. गेवराई ते बीडचे वरचे ७५० एकट्या बीडवाल्याचे. तुमचे झाले २५०, गेवराईवाल्याचे ८५०, बीडवाल्याचे १६००. बेरीज करून बघा, २७०० बरोबर येते.

प्रश्न: आमच्यात किलोमीटरच्या हिशोबानं वाटतात, जो जेवढा लांब जाईल त्यानं तेवढं. ते पण चूक आहे का?

चूक असं म्हणणार नाही, सरळ तीन भागांपेक्षा ते खूपच बरंय आणि त्यात कुणीही एकट्याच्या भाड्यापेक्षा जास्त देत नाही. भाडं साधारण अंतरावरच ठरतं म्हणून वरचेच आकडे घेऊ. ७५०, १९५० आणि २७०० या प्रमाणात २७०० वाटले की आडूळवाल्याला ३७५, गेवराईवाल्याला ९७५ आणि बीडवाल्याला १३५० येतात.

पण एक गोष्ट करून बघा. समजा तिसरा माणूस बीडला न उतरता तसाच पुढं धाराशिवला गेला आणि भाडं ५१०० झालं. त्याच प्रमाणाच्या पद्धतीनं आता आडूळवाल्याला साधारण ४९० आणि गेवराईवाल्याला १२७५ भरावे लागतात. आडूळवाला तर तेवढाच बसलाय, त्याच सीटवर, तिथंच उतरलाय, आणि त्याचे ११५ च्या आसपास वाढले का तर दुसरा कुणीतरी लांब गेला म्हणून! हे मला अजिबात मान्य नाही. तुकड्यांच्या पद्धतीत आडूळवाल्याचे २५० आणि गेवराईवाल्याचे ८५० तसेच राहतात, वाढलेलं सगळं भाडं ज्याच्यामुळं वाढलं त्याच्याकडंच जातं. मी ह्याच पद्धतीचा आग्रह धरतो त्याचं मोठं कारण हे आहे.

प्रश्न: मी तोच शेवटी उतरणारा. माझ्यावर १६०० आणि पहिल्यावर फक्त २५०? आणि ही पद्धत तुम्ही मनानं काढली का?

तुम्ही एकट्यानं गेला असता तर २७०० लागले असते, तुमचे ११०० वाचले. गेवराईवाल्याचे १९५० मधून ११०० वाचले आणि आडूळवाल्याचे ७५० मधून फक्त ५००. सोबतीचा सगळ्यात कमी फायदा त्यालाच झालाय. ड्रायव्हर रिकामा परत येतो त्याचा बोजा एकट्यावर पडतो असं वाटत असेल तर तसंही नाही, कारण प्रत्येक टप्प्याच्या भावात ड्रायव्हरनं परतीचं धरलेलंच असतं, आणि आडूळपर्यंतचं परतीचं तिघंही भरतात.

आणि मनानं नाही काढलेली. लॉइड शॅप्ली नावाच्या गणितज्ञानं १९५३ मध्ये सामाईक खर्च किंवा फायदा वाटायची एक रीत मांडली, त्यांना पुढं २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल ॲल्विन रॉथ यांच्यासोबत मिळालं. रीत अशी की माणसं एकामागून एक गाडीत चढतायत असं समजायचं आणि प्रत्येकानं आपल्यामुळं वाढलेलं भाडं द्यायचं. कोण आधी चढला यावर आकडा बदलतो, म्हणून सगळे क्रम घ्यायचे आणि सरासरी काढायची. तिघांचे क्रम सहा होतात. आडूळवाला पहिला चढला तर त्याच्या माथी ७५०, पण दुसरा किंवा तिसरा चढला तर शून्य, कारण गाडी आधीच त्याच्या गावावरून जाणार असते. सहापैकी दोन क्रमांत तो पहिला, म्हणून दोनदा ७५०, १५०० भागिले ६, आले २५०. गेवराईवाल्याचं दोन क्रमांत १९५०, एकात १२००, बाकीच्यात शून्य, मिळून ५१०० भागिले ६, म्हणजे ८५०. तुमचं ९६०० भागिले ६, म्हणजे १६००. रस्ता एकच असला की ही सगळी सरासरी तुकडे पाडण्याएवढी सोपी होते, हे लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोन अभ्यासकांनी १९७३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीबाबत दाखवलं. लहान विमानाला थोडीच धावपट्टी पुरते, पुढचा भाग मोठ्या विमानासाठी बांधावा लागतो, म्हणून तो खर्च मोठ्यानंच उचलायचा.

प्रश्न: गेवराईचं आमचं कुटुंब आहे, नवरा-बायको आणि मुलगा. आम्ही एक धरायचे का तीन?

सीट अडवली तेवढी माणसं धरा. मांडीवरचं लेकरू धरू नका. तुम्ही तिघं, एक आडूळचा आणि एक बीडचा म्हणजे पाच सीट, तर पहिला टप्पा १५० प्रत्येकी, दुसरा चौघांत ३०० प्रत्येकी, शेवटचा ७५० बीडवाल्याचा. तुमचं कुटुंबाचं १३५०, आडूळवाल्याचं १५०, बीडवाल्याचं १२००. घर एक धरलं असतं तर तुमचं ८५० आलं असतं, फरक ५०० चा आहे आणि गाडीत बसल्यावर यावरून बोलाबोली होते, म्हणून सीट का घर हे निघायच्या आधी ठरवा.

प्रश्न: टोल कुणी द्यायचा? आणि एकाला हायवे सोडून आत गावात सोडायचं असेल तर?

टोल आला तेव्हा जे गाडीत असतील त्यांच्यात वाटा. पाडळसिंगीचा टोल गेवराईच्या पुढं लागतो, गेवराईवाला तोपर्यंत उतरलेला असतो, त्याच्याकडून मागू नका. ड्रायव्हर परतीचाही टोल घेत असेल तर तोही त्याच माणसांत.

आत गावात जायचं असेल तर हिशोब बदलतो, कारण आता रस्ता एक सरळ रेघ राहिला नाही. गाव हायवेपासून ६ किलोमीटर आत असेल तर जाऊन येऊन १२ किलोमीटर वाढले, ते पूर्ण त्या माणसाचे, बाकीचे गाडीत बसून असले तरी त्यांना त्याचा उपयोग नाही, उलट वेळ जातो. दोघांना त्याच फाट्यावरून आत जायचं असेल तर ते १२ त्या दोघांत. वाटेत कुणी नवीन चढला तर मात्र काही वेगळं नाही, चढला तिथून पुढच्या तुकड्यांत त्याला धरा.

प्रश्न: काळीपिवळीत पण असंच मागता येईल का?

नाही. तिथं सीटचा भाव गाडीवाल्यानं ठरवलेला असतो आणि सीट रिकामी गेली तर तोटा त्याचा. आपण पूर्ण गाडी ठरवतो तेव्हा रिकाम्या सीटचा तोटा आपल्यात येतो, म्हणून तिथंच हे वाटप लागतं.