√2 च्या सिद्धतेत ‘विसंगती’ की ‘विरोधाभास’?

*पदवीच्या पहिल्या वर्षाला आम्हाला सिद्धता लिहायला शिकवतात. √2 अपरिमेय आहे हे दाखवताना मी शेवटी ‘हा विरोधाभास आहे, म्हणून √2 अपरिमेय’ असं लिहिलं. सरांनी ‘विरोधाभास’ खोडून ‘विसंगती’ केलं आणि समासात ‘कशाशी?’ एवढंच लिहिलं. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच नाही का? आणि ‘कशाशी?’ याचं उत्तर काय द्यायचं?*

अर्थ एकच नाही, आणि इथे सरांचा शब्द बरोबर आहे. ‘विरोधाभास’ या शब्दात ‘आभास’ आहे. शाळेच्या व्याकरणात आपण हा अलंकार म्हणून शिकतो: वाक्यातल्या दोन गोष्टी वरवर पाहता एकमेकींना खोडतात, पण अर्थ नीट लावला की विरोध मावळतो आणि वाक्य खरं ठरतं. म्हणजे विरोधाभास सुटतो, सुटण्यासाठीच असतो. तुमच्या सिद्धतेतला विरोध मात्र कुठल्याही अर्थाने सुटता कामा नये. तो सुटला तर सिद्धता उरतच नाही.

‘विसंगती’ हा शब्दही रोजच्या बोलण्यात सैल वापरला जातो. साक्षीदाराच्या जबाबात विसंगती असते, कुणाच्या बोलण्यावागण्यात असते, आणि ती थोडी असू शकते किंवा जास्त. गणितात ‘थोडी विसंगती’ असं काही नसतं. एक विधान आणि त्याच विधानाचा नकार, अशी दोन्ही हातात आली की विसंगती झाली. या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा जुना शब्दप्रयोग ‘वदतो व्याघात’ हा आहे. ‘माझी आई वांझ आहे’ असं कुणी म्हटलं, तर ते खोडायला बाहेरून पुरावा आणावा लागत नाही, बोलणाऱ्याचं वाक्यच ते काम करतं. वर्गात ‘व्याघात’ कुणी म्हणत नाही, म्हणून ‘विसंगती’ चालू द्यावा. पण त्याला ‘-शी’ जोडायची सवय हवी. अमुक विधान तमुक विधानाशी विसंगत आहे, असं पूर्ण सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. सरांचा ‘कशाशी?’ हा प्रश्न म्हणजे व्याकरणाची आणि तर्काची एकच मागणी आहे.

आता उत्तर शोधायला सिद्धता हळूहळू वाचू.

समजा, √2 परिमेय आहे. मग तो दोन नैसर्गिक संख्यांचा भागाकार म्हणून लिहिता येईल. त्याचं अतिसंक्षिप्त रूप p/q घेऊ, म्हणजे p आणि q यांना 1 सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही. या दोन वाक्यांची जात वेगळी आहे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. पहिलं वाक्य गृहीत आहे. दुसरं गृहीत नाही, ती निवड आहे. कोणताही अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणता येतो, हे आधीच सिद्ध झालेलं आहे. 10/14 दिला तर आपण 5/7 घेतो, तसंच. ‘समजा p आणि q सहमूळ आहेत’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला दोन गृहीतं दिसतील. मग शेवटी विसंगती आल्यावर तो विचारेल, ‘दोघांपैकी चुकीचं कोणतं?’ आणि तुमच्या लिखाणात त्याचं उत्तर नसेल. म्हणून तिथे ‘घेऊ’ किंवा ‘निवडू’ लिहावं.

पुढे √2 = p/q चा वर्ग केला की p² = 2q² मिळतं. उजवी बाजू सम, म्हणून p² सम. यावरून p सम. हे ‘यावरून’ फुकटचं नाही. p विषम असता, म्हणजे p = 2m + 1 असता, तर p² = 4m² + 4m + 1 झाला असता, आणि तो विषम आहे. p² तर सम आहे, म्हणून p विषम असू शकत नाही. आता p = 2k लिहू. 4k² = 2q², म्हणजे q² = 2k². मघाचाच युक्तिवाद q ला लावला की q सुद्धा सम.

विसंगती इथे आहे: ‘p आणि q दोघांनाही 2 ने भाग जातो’ हे आत्ता मिळालेलं विधान, ‘p आणि q यांना 1 खेरीज सामाईक विभाजक नाही’ या आधी घेतलेल्या विधानाशी विसंगत आहे. या दोन्ही विधानांत √2 चं नावही नाही. म्हणून ‘हे √2 परिमेय आहे या गृहीतकाशी विसंगत आहे’ असं जे सर्रास लिहिलं जातं, ते चूक नसलं तरी एक पायरी गाळून लिहिलेलं आहे. आधी दोन विधानं एकमेकांवर आदळतात. मग आपण विचारतो, इथपर्यंत आणलं कुणी? वर्ग करणं, सम-विषमचा नियम, अतिसंक्षिप्त रूप असणं, या सगळ्यांना स्वतंत्र सिद्धता आहे. सिद्धतेशिवाय आत घेतलेलं एकच वाक्य उरतं, आणि दोष त्याच्यावर जातो.

याच युक्तिवादाचं जुनं रूप मला जास्त आवडतं. अ‍ॅरिस्टॉटलने ‘प्रायर अ‍ॅनालिटिक्स’ या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हेच उदाहरण दिलं आहे: चौरसाची बाजू आणि कर्ण एकाच मापाने मोजता येतात असं धरलं, तर विषम संख्या सम संख्येइतकी होते. आपल्या भाषेत, p सम निघाला आणि p/q अतिसंक्षिप्त आहे, म्हणून q विषम. पुढे q सम निघाला. एकच q, सम आणि विषम. असं लिहिलं की कुणाला ‘कशाशी?’ विचारायची गरजच पडत नाही.

आकडे घेऊन पाहिलं तर विरोध कुठे बसतो ते डोळ्यांना दिसतं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात द्विकरणीचं, म्हणजे चौरसाच्या कर्णाचं, जे माप दिलं आहे ते एका अपूर्णांकात 577/408 होतं. 577² = 332929, आणि 2 × 408² = 332928. फरक फक्त 1 चा. पण तो कधीच शून्य होणार नव्हता, कारण 577 विषम, त्याचा वर्ग विषम, आणि दुसरी बाजू सम. अंश सम असलेला 24/17 घ्या. 24² = 576 आणि 2 × 17² = 578. इथे दोन्ही बाजू सम आहेत, तरी जुळत नाहीत. 24 सम असल्याने 576 ला 4 ने भाग जातो, तर 17 विषम असल्याने 578 ला 4 ने भागून बाकी 2 उरते. अतिसंक्षिप्त अपूर्णांकात अंश विषम असतो, नाहीतर अंश सम आणि छेद विषम असतो, तिसरी शक्यता नाही. दोन्ही वाटा बंद आहेत.

आपली सिद्धता खरंच काही पकडते का, हे तपासायला तीच वाक्यं √4 ला लावून पाहा. √4 तर 2 आहे, म्हणून सिद्धता कुठेतरी अडलीच पाहिजे. p² = 4q², म्हणून p सम, p = 2k, मग 4k² = 4q², म्हणजे k² = q². इथे q सम आहे असं काहीच निघत नाही आणि विसंगती येत नाही. पण एखाद्याने घाईत ‘p² ला 4 ने भाग जातो, म्हणून p ला 4 ने भाग जातो’ असं लिहिलं, तर p = 4k, 16k² = 4q², म्हणून q² = 4k², q लाही 4 ने भाग जातो, आणि √4 अपरिमेय ‘सिद्ध’ होतो! 6² = 36 ला 4 ने भाग जातो, 6 ला जात नाही; चूक तिथे आहे. 2 मूळ संख्या असल्यामुळेच ती पायरी √2 च्या वेळी टिकते. म्हणून सम-विषमची ओळ गाळू नका, सिद्धतेचा सगळा भार तिच्यावर आहे.

‘कशाशी?’ याचं उत्तर सिद्धतेगणिक बदलू शकतं, हेही लक्षात असू द्या. अतिसंक्षिप्त रूप न घेता कोणताही p/q घेतला, तरी p आणि q दोन्ही सम निघतात. दोघांना 2 ने भागून नवा अपूर्णांक मिळतो, त्यालाही तेच लागू होतं, आणि हे कधीच थांबत नाही. या वेळी विसंगती सहमूळपणाशी नाही. नैसर्गिक संख्या लहान लहान होत अनंत काळ उतरू शकत नाहीत, या गोष्टीशी आहे.

राहिला ‘समजा’. मराठीत संकेतार्थ आहे: ‘√2 परिमेय असती तर असं झालं असतं’. तो वापरला की ही गोष्ट खरी नाही हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकल्यासारखं होतं, आणि पुढची प्रत्येक ओळ ‘असतं’, ‘झालं असतं’ करत ओढावी लागते. सिद्धतेत ‘समजा, √2 परिमेय आहे’ असं साधं वर्तमानकाळात लिहितात, कारण त्यापुढची प्रत्येक पायरी ते वाक्य खरं धरून तपासायची असते. वर सम-विषमच्या छोट्या युक्तिवादात मी ‘असता’, ‘झाला असता’ लिहिलं, कारण तो एका ओळीत संपतो. लांब युक्तिवादाला ते झेपत नाही. मात्र ‘समजा’ने उघडलेलं गृहीत कुठे संपलं, हे शेवटी स्पष्ट सांगावं लागतं. विसंगतीच्या आधीच्या कुठल्याही ओळीवर, उदाहरणार्थ ‘p सम आहे’ यावर, सिद्धतेबाहेर विसंबता येत नाही, कारण असा p मुळात नाहीच.

तुमच्या वहीतली शेवटची ओळ मी अशी लिहीन: ‘म्हणून p आणि q दोघांनाही 2 ने भाग जातो. हे p/q अतिसंक्षिप्त रूपात आहे याच्याशी विसंगत आहे. म्हणून √2 परिमेय आहे हे गृहीत चुकीचं आहे, म्हणजेच √2 अपरिमेय आहे.’