रायझर ३.०, स्लॉट ४.० आणि उभं कार्ड

> ग्राफिक्स कार्ड उभं लावल्यापासून गेम सुरू केला की थोड्या वेळात स्क्रीन काळी होते. डेस्कटॉपवर काहीच त्रास नाही. तापमानही वाढलंय. कार्ड गेलं का?

बहुधा नाही. माझंही अगदी असंच व्हायचं. आधी कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या केबलवर, म्हणजे रायझरवर, PCIe चा कितीचा आकडा आहे ते बघा. तो ३.० चा आणि कार्ड-बोर्ड दोन्ही ४.० चे असतील, तर माझा संशय रायझरवरच.

साधा रायझर म्हणजे नुसत्या तारा. मला एवढाच वेग झेपतो, हे तो कोणाला सांगू शकत नाही. बोर्ड आणि कार्ड परस्पर ४.० ठरवून मोकळे होतात आणि ३.० साठी बनवलेल्या केबलमधून दुप्पट वेगाचा सिग्नल जायला लागतो. डेस्कटॉपवर कार्ड वीज वाचवायला हा वेग खाली आणतं, म्हणून तिथे सगळं आलबेल. विंडोजच्या Event Viewer मध्ये हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या WHEA-Logger च्या 17 क्रमांकाच्या नोंदी ओळीने दिसल्या, तर शंका जवळजवळ फिटलीच.

बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग Auto वरून Gen3 करा. चित्रच येत नसेल तर कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवून सेटिंग बदला आणि मग रायझर जोडा. बायोस अपडेट केलंत की हे सेटिंग बहुतेकदा परत Auto होतं, तेवढं लक्षात असू द्या. १६ लेनचं कार्ड असेल तर गेममध्ये फरक जेमतेम जाणवतो. ८ लेनचं आणि कमी मेमरीचं असेल तर मात्र ४.० चा रायझरच घ्या.

सर्व्हिस सेंटरला कार्ड पाठवायची घाई नको. मी पाठवलं होतं. त्यांनी ते आपल्या टेबलावर थेट स्लॉटमध्ये लावलं, अर्थातच ते चाललं, आणि 'दोष आढळला नाही' असा कागद लावून परत आलं. रायझरवर आहे हे मी फॉर्मवर लिहिलं होतं, वाचतो कोण! वर फुकटचा सल्ला, पॉवर सप्लाय बदला. बदलला. स्क्रीन काळी ती काळीच.

तापमानाचं दुखणं वेगळं. उभ्या कार्डाचे पंखे काचेकडे तोंड करून असतात. मधे बोटभरच जागा असेल तर त्यांना हवा ओढता येत नाही. काच काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर जागाच कमी आहे. मग कार्ड काचेपासून आत सरकवणारा ब्रॅकेट बघा. खालून हवा आत घेणारे पंखे लावले तरी थोडा आराम पडतो. तीन स्लॉट जाडीचं कार्ड अरुंद केसमध्ये असेल तर, माझ्या मते, आडवंच ठेवा. दिसायला छान आहे म्हणून पंख्यांचा आवाज कोण ऐकत बसणार?

तुमचा बोर्ड कोणता ते मला माहीत नाही, त्यामुळे मेनूतली नावं थोडी वेगळी असू शकतील. आणि केबल बसवताना तिला करकचून घडी घालू नका, त्यानेही स्क्रीन अशीच काळी होते.